पगारवाढीच्या पत्रातला ‘ल्यास’

सातपूर-अंबडची शिफ्ट संपवून तुम्ही थेट इथे आलात, म्हणून प्रस्तावना न करता सुरुवात करतो. मी सव्वीस वर्षं कारखान्याच्या पर्सोनेल खात्यात काढली. पगारवाढीचे अर्ज वाचणं हे माझं रोजचं काम होतं आणि त्यातला एक प्रत्यय मला आजही छळतो. तो म्हणजे ‘ल्यास’. ‘विचार न झाल्यास’, ‘निर्णय न मिळाल्यास’. किती जणांनी लिहिलाय? हात वर करा. मागच्या रांगेतले, तुमचे हात अर्धेच वर दिसतायत!

माझ्या शेजारची मुलगी अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी इंजिनिअर आहे. जानेवारीत एका रात्री लॅपटॉप घेऊन आली. “काका, मेल वाचा, उद्या पाठवतेय.” मेल असा होता : ‘गेली तीन वर्षं मी प्रामाणिकपणे काम करत आहे. महागाई वाढली आहे. योग्य ती पगारवाढ पंधरा दिवसांत न झाल्यास मला नाइलाजाने वेगळा विचार करावा लागेल.’

मी विचारलं, “दुसरी नोकरी हातात आहे?” “नाही हो.” “मग वेगळा विचार कसला?” तर म्हणाली, “असं लिहिलं नाही तर कोणी लक्षच देत नाही.” हे तिला ऑफिसातल्या सगळ्यांनी सांगितलेलं. तिचा राग मला पटत होता. वर्षभर राबलेल्या माणसाला स्वतःहून कोणी विचारत नाही, याची चीड मला त्या खुर्चीत बसूनही यायची.

पण मेल कुठे जातो बघा. तिचा मॅनेजर तो वाचणार. पैसे मंजूर करण्याचा अधिकार त्याला नाही, तो मेल शेठकडे पाठवणार. शेठने तिला काम करताना पाहिलेलं नाही. त्याला कागदावर दिसणार पंधरा दिवसांची मुदत, आणि त्याचा पहिला प्रश्न येणार : हिची जागा कोण घेईल?

मग मी विचारलं, “वर्षभर केलंस काय?” तिनं खांदे उडवले. “रोजचंच.” खोदून विचारल्यावर हळूहळू निघालं. हाउसिंगचं बोअर, म्हणजे आतलं भोक, लहान येत होतं, माप तपासायचं गो-गेज आत जाईना. भोक कापणारी बोअरिंगची इन्सर्ट झिजली की बोअर लहान होत जातं आणि तपासणी व्हायची शिफ्टच्या शेवटी. तोवर ट्रे भरलेला. तिनं आणि मशिन लावून देणाऱ्या सेटरनं मिळून ठरवलं, दर पंचवीस नगांनंतर गेज लावायचं आणि इन्सर्ट ठरलेल्या नगांनंतर बदलायची. रीवर्क ४ टक्क्यांवरून दीड टक्क्यावर आलं. महिन्याला ९,००० नग, म्हणजे २२५ नग पुन्हा मशिनवर चढायचे वाचले. नगाला चार मिनिटं धरली तर पंधरा तास! हे सांगताना तिचा आवाज बदलला होता. शिवाय ऑगस्टमध्ये एक सहकारी सोडून गेला, त्याची जागा भरलीच नाही. सप्लायरच्या मालाची तपासणी तेव्हापासून हीच करतेय.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिलीत. मुख्य भाग उरकतो. नवा मेल असा झाला :

‘गेल्या एप्रिलपासून सेटर आणि मी मिळून हाउसिंगचं रीवर्क ४ टक्क्यांवरून दीड टक्क्यावर आणलं. त्यामुळे महिन्याला सुमारे पंधरा मशिन-तास वाचतात. रीवर्क रजिस्टरचा गोषवारा सोबत जोडला आहे. ऑगस्टपासून सप्लायर तपासणीही मी सांभाळते. या वाढलेल्या जबाबदारीनुसार माझा मासिक ग्रॉस पगार २८,००० वरून एप्रिलपासून ३४,००० रुपये करावा, ही विनंती. त्याबाबत बोलण्यासाठी पुढच्या आठवड्यात पंधरा मिनिटं द्यावीत.’

आकडा नसला तर ‘योग्य ती’ म्हणजे किती, ते शेठ ठरवतो. ‘ग्रॉस’ लिहिलं, कारण नुसतं सहा हजार म्हटलं तर सीटीसीत, म्हणजे कंपनीच्या तुमच्यावरच्या एकूण खर्चात, सहा हजार वाढवून देतात आणि पीएफमधला कंपनीचा वाटाही त्यातच धरला जातो. वाचलेल्या तासांचे रुपये करून त्यातला हिस्सा मागितला नाही, तसं केलं की मागणी कमिशनसारखी वाचली जाते. आकडा टेकवलाय नव्या जबाबदारीवर. सेटरचं नाव वगळलं असतं तर मॅनेजरनं पहिल्याच वाक्याला हरकत घेतली असती. खरी ऑफर असली तरी ती मेलमध्ये नको. समोर बसल्यावर विचारलं तर खरं सांगा. आणि हे सगळं एप्रिलच्या इन्क्रिमेंटचं बजेट ठरण्याआधी, जानेवारी-फेब्रुवारीत पाठवा. यादी गेल्यावर मॅनेजरच्याही हातात काही उरत नाही.

तिला एप्रिलपासून ३२,५०० झाले. उरलेल्या दीड हजारांचं ऑक्टोबरमध्ये बघू, असं मॅनेजर बोलला. ते मी तिला त्याच संध्याकाळी मेलवर लिहून घ्यायला लावलं.