पाऊणपट व्हिडिओ पाहणारा गिऱ्हाईक असतोच का?

मंडळी, मी मोबाइलवरच्या जाहिरातींचा हिशेब बघतो आणि आज एकाच प्रकारच्या हिशेबावर बोलणार आहे. व्हिडिओ बराचसा पाहिलेल्या लोकांची यादी करायची, त्यांना दुसरी जाहिरात दाखवायची आणि आलेली विक्री तिच्या नावावर लिहायची. तिसऱ्या पायरीवर माझा आक्षेप आहे.

जालन्याच्या एमआयडीसीत आमच्या ओळखीचे एक कारखानदार बीबीएफ म्हणजे रुंद वरंबा-सरी पद्धतीचं पेरणी यंत्र बनवतात. मेमध्ये त्यांनी दोन मिनिटांचा व्हिडिओ टाकला. ट्रॅक्टरमागे यंत्र, रुंद वरंब्यावर सोयाबीन पडतंय, शेवटी सरीतून जास्तीचं पाणी वाहून जातंय. झकास व्हिडिओ! इथे सोयाबीनवाले किती? हात वर करा. बघा, निम्मी सभा. तुम्हीही तो शेवटपर्यंत पाहिला असता, घरात पेरणी यंत्र असलं तरी. मुद्दा तिथेच आहे.

फेसबुक-इन्स्टाग्रामवाल्या मेटाच्या ऑडियन्स विभागात कस्टम ऑडियन्स, म्हणजे मघाची यादी, करताना व्हिडिओ निवडला, की 3 सेकंद, 10 सेकंद, 25, 50, 75, 95 टक्के असे पर्याय येतात. दोन मिनिटांच्या व्हिडिओचे 75 टक्के म्हणजे दीड मिनिट. तेवढा वेळ थांबणाऱ्याला विषयात रस आहे असं धरता येतं. पण पंधरा सेकंदांच्या व्हिडिओचे 75 टक्के म्हणजे जेमतेम अकरा सेकंद. अंगठा स्क्रीनवर ठेवून माणूस चहाकडे वळला तरी तेवढे होतात. शिवाय अहवालातल्या 75 टक्क्यांच्या आकड्यात पुढे सरकवून तिथे पोहोचलेलेही मोजले जातात. म्हणून टक्केवारी ठरवण्याआधी व्हिडिओची लांबी बघा.

त्या कारखानदारांनी 75 टक्केवाल्यांची यादी केली. बुकिंग झालेले वगळले आणि उरलेल्यांना ‘पाचशे रुपये भरून यंत्र राखून ठेवा’ ही जाहिरात पंधरा दिवस दाखवली. एजन्सीने अहवाल दिला: खर्च 18 हजार, बुकिंग 21, म्हणजे एका बुकिंगला साडेआठशेच्या आसपास. आकडे मी हिशेबाला सोपे करून सांगतोय. कारखानदार खूश. मला मात्र अशा अहवालांचा मनापासून राग येतो. मेटाची नेहमीची मोजणी अशी, की जाहिरातीवर क्लिक केल्यापासून सात दिवसांत किंवा क्लिक न करता नुसती दिसल्यापासून एका दिवसात खरेदी झाली, तर श्रेय जाहिरातीला. दीड मिनिट यंत्र बघणारा शेतकरी पेरणीच्या तोंडावर तसाही फोन करणार होता. जाहिरात त्याच्या वाटेत उभी राहिली एवढंच. अहवाल ‘किती जणांनी घेतलं’ हे सांगतो. ‘जाहिरात नसती तर किती जणांनी घेतलं असतं’ हे सांगत नाही, आणि खर्च करणाऱ्याला हवं असतं ते हे दुसरं उत्तर.

संयोजकांनी दहा मिनिटं उरल्याची चिठ्ठी दिलीय, तेव्हा उपाय भरभर सांगतो.

मराठवाड्याचे आठ जिल्हे दोन गटांत वाटा. गेल्या हंगामाची वही काढा आणि दोन्ही गटांचं बुकिंग जवळपास सारखं येईल असं बघा. लातूर आणि नांदेड, दोन्ही सोयाबीनचे, म्हणून वेगवेगळ्या गटांत टाका. पहिला व्हिडिओ आठही जिल्ह्यांत दाखवा, दुसरी जाहिरात एकाच गटात. बुकिंगच्या वेळी गाव आणि तालुका लिहून घ्या. ही नोंद राहिली तर सगळं फुकट. कारखानदारांनी पुढच्या हंगामात हे केलं. खर्च तेवढाच, 18 हजार. जाहिरातवाल्या गटात 21 बुकिंग, दुसऱ्यात 15. म्हणजे वाढीव सहा, आणि एका वाढीव बुकिंगला तीन हजार रुपये.

आणि तेही सहा पक्के नाहीत. दोन्ही मिळून 36. त्याचं वर्गमूळ सहा. एवढा फरक नशिबानेही पडतो. फरक वर्गमूळाच्या दुपटीहून, इथे बारापेक्षा, मोठा आला तरच विश्वास ठेवायचा. एवढी कमी बुकिंग असतील तर मोजणी जास्त दिवस चालवा आणि पुढच्या हंगामात गट उलटे करा.

पावसाची गोष्ट राहिली. नांदेडात आधी पाऊस झाला आणि बीड कोरडं राहिलं, तर बुकिंगमधला फरक ढगांचा असतो. म्हणून जाहिरात सुरू होण्याआधीच्या पंधरवड्यातलं दोन्ही गटांच्या बुकिंगचं प्रमाण मांडून ठेवा आणि मोजणीच्या ज्या पंधरवड्यात पाऊस वेगवेगळा पडला, तो हिशेबातून काढून टाका.

यादीची मुदत 365 दिवसांपर्यंत ठेवता येते, पण पेरणी यंत्रासाठी तीस दिवसच ठेवा. जूनमध्ये पेरणी उरकलेल्या माणसाला सप्टेंबरात ते यंत्र विकायला जाऊ नका.