झोका, पाण्याचा थेंब आणि बेचाळीस अंश

नमस्कार मंडळी. परवा दुपारी साडेचार-पाचला पाऊस थांबता थांबता ऊन पडलं आणि रंकाळ्यावर फिरायला आलेली माणसं सगळी पूर्वेकडं तोंड करून उभी, मोबाईल वर. इंद्रधनुष्य पडलं होतं. मी त्याच दिवसांत इंद्रधनुष्यावरच्याच एका व्हिडिओची स्क्रिप्ट लिहीत होतो, हिंदीत, आठवी ते दहावीच्या पोरांसाठी, आणि त्यात एका जागी अडकलो होतो, तेच आज सांगतो.

सुरुवात सोपी होती. ऊन थेंबात शिरताना वळतं, मागच्या बाजूला आपटून परततं, बाहेर पडताना परत वळतं. वळतं का, तर पाण्यात प्रकाशाचा वेग कमी होतो. ह्याला उसाचा ट्रॅक्टर घेतला, डांबरी रस्त्यावरून तिरका चिखलात उतरला की आधी उतरलेलं चाक हळू होतं, दुसरं अजून जोरात, म्हणून ट्रॅक्टर वळतो. जांभळा प्रकाश पाण्यात तांबड्यापेक्षा जरा जास्त हळू होतो म्हणून जास्त वळतो, आणि रंग सुटे होतात.

पण माझ्या भाचीनं ऐकून विचारलं, मामा, थेंब तर गोल आहे, ऊन त्याच्यावर सगळीकडं पडतं, कुठं मधोमध, कुठं कडेला, मग प्रकाश सगळीकडं फेकला जाईल की, एकाच ठिकाणी कमान कशी दिसते? बरोबर विचारलं बघा तिनं. ट्रॅक्टर इथं कामाचा नाही, आणि नुसतं 'प्रिझमसारखं होतं' म्हणून सोडून दिलं तर हा प्रश्न तसाच राहतो.

मग वही घेऊन बसलो आम्ही. थेंबाच्या बरोबर मधोमध शिरलेला किरण आला तसा सरळ मागं जातो, म्हणजे शून्य अंश. जरा बाजूला, थेंबाच्या पृष्ठभागावरच्या काटकोनी रेषेपासून 30 अंशात आपटणारा किरण परतताना 28 अंश तिरका येतो. 45 ला आपटणारा 38 अंश. 60 ला आपटणारा 42. भाची म्हणाली आता पुढं वाढतच जाणार, पण 75 ला काढलं तर 36 च्या आसपास, आणि अगदी कडेला घासून जाणारा फक्त 14. म्हणजे कोन वाढत वाढत 42 पर्यंत जातो आणि तिथनं माघारी फिरतो!

आणि मग मला नागपंचमीचा झोका आठवला. झोका मधे असताना सुसाट जातो, टोकाला गेला की क्षणभर थांबतो आणि मग परततो. डोळे झाकून दहा-वीस फोटो काढा, जास्त फोटोत झोका टोकाजवळच सापडणार. थेंबातल्या किरणांचं तेच, 42 च्या टोकाशी त्यांची गर्दी होते, म्हणून तिथं प्रकाश ठसठशीत दिसतो. तांबड्याचं टोक साधारण 42 वर, जांभळ्याचं साधारण 40 आणि थोडं, म्हणून तांबडा बाहेर आणि जांभळा आत. स्क्रिप्टमधे वाक्य आलं, "झूला सबसे ज़्यादा देर कहाँ ठहरता है? किनारे पर।" बस, एवढंच. हे किरण एकेक करून मोजायचं काम फ्रेंच गणिती देकार्तनं केलं होतं, 1637 मधे छापलंय.

एक चूक मात्र मी पहिल्या खर्ड्यात केली होती, बऱ्याच गाईडमधे असते तीच, की थेंबाच्या आत 'पूर्ण आंतरिक परावर्तन' होतं. होत नाही. पूर्ण व्हायला आतून 48 अंशांपेक्षा जास्त तिरकं आपटावं लागतं, आणि आपला किरण फक्त 40 नं आपटतो. बराचसा प्रकाश मागनं बाहेर निघून जातो, थोडाच परततो. हिंदीत मी 'पूर्ण' हा शब्द काढला.

भाषेची पण एक गंमत झाली. आपलं तानापिहिनिपाजा तांबड्यापासून, म्हणजे कमानीच्या बाहेरून आत येतं, हिंदीतलं बैंजानीहपीनाला बैंगनीपासून, आतून बाहेर. म्हणून मराठी सवयीनं यादी वाचली असती तर चित्र आणि आवाज उलटेसुलटे झाले असते.

आता तुम्ही बघा. सूर्य पाठीशी घ्या, आपल्या डोक्याच्या सावलीपासून हात लांब करून साधारण दोन वीत मोजा, कमान तिथंच. सूर्य 42 अंशांपेक्षा वर असला की ती जमिनीखाली जाते, म्हणून श्रावणात कोल्हापुरात दुपारी बाराला आभाळात ती शोधू नका, सकाळी नऊच्या आधी नाहीतर चारनंतर. आणि कमानीच्या आतलं आभाळ बाहेरच्यापेक्षा उजळ आहे का ते नीट बघा, 42 च्या आतले सगळे राहिलेले किरण तिथं येतात, बाहेर येत नाहीत. भाचीनं रंकाळ्यावर बघितलं, उजळ होतं.