भिंतीवरून पळणारा चिकू

नमस्कार श्रोतेहो. गेल्या पावसाळ्यात एक ताई आपला गावठी कुत्रा चादरीत गुंडाळून माझ्या दवाखान्यात घेऊन आल्या. पुढच्या दोन्ही पंजांच्या गाद्या चिरलेल्या, आणि एकीत हिरव्या बाटलीची काच रुतलेली. टाके घालताना मी विचारलं, ही काच कुठली? "आमच्याच भिंतीवरची, डॉक्टर. चिकू उडी मारून पळतो, म्हणून आम्हीच लावून घेतली."

भिंत पाच फुटांची होती. काचेनं पाय फाटले, तरी तो पलीकडे गेलाच होता. तेव्हा एका रविवारी मी त्यांच्या घरी जाऊन भिंत पाहिली.

बहुतेक कुत्री उंच भिंत एका झेपेत ओलांडत नाहीत. ती चढतात. आधी पुढचे पंजे भिंतीच्या माथ्यावर अडकवतात, मग मागच्या पायांनी भिंतीला रेटा देत अंग वर ओढतात. त्यामुळे भिंतीवर खुणा राहतात. ताईंच्या भिंतीवर एकाच जागी, धुण्याच्या दगडाच्या वर, चिखलाच्या पंजांचे ओरखडे होते. दगड अडीच फुटांचा. म्हणजे चिकूसाठी ती पाच फुटांची भिंत अडीचच फुटांची होती! दगड हलवला. भिंतीला टेकवलेली कुंडी, विटांचा ढीग, स्कूटर, सगळं चार-पाच फूट आत घेतलं.

मग माथ्याची पकड. काचा काढल्या आणि आतल्या कडेला फिरता पाइप बसवला. भिंतीवर अँगल ठोकून त्यात बारीक लोखंडी नळी आडवी बसवायची आणि तिच्यावर तीन-चार इंची पीव्हीसी पाइप सैल ओवायचा. कुत्र्यानं पंजे टाकले की पाइप गरकन फिरतो, पकड मिळत नाही आणि ते परत अंगणातच उतरतं. पाइप बोटानं ढकलला तरी फिरला पाहिजे. घट्ट बसला तर उलट तीच पकडायची दांडी होते. ही युक्ती चालते ती कुत्र्याला माथा धरावाच लागेल इतक्या उंच भिंतीवर. तीन फुटी भिंत मोठा कुत्रा सहज उडून जातो. तिथे आधी जाळी लावून उंची वाढवा आणि जाळीचा वरचा दीड फूट आतल्या बाजूला झुकवा.

भिंत बंद झाली, आणि आठव्या दिवशी ताईंचा फोन. चिकू पुन्हा बाहेर! या वेळी गेटमधून. गेटच्या गजांवर नव्हे, बिजागरीच्या बाजूला खांब आणि पल्ला यांच्यामधल्या फटीत त्याचे केस अडकले होते. ती फट आपल्या डोळ्यांना दिसतच नाही, कारण आपलं लक्ष कडीकडे असतं. सडपातळ कुत्र्याचं डोकं जिथून जातं तिथून बहुतेक वेळा अंगही जातं, म्हणून फट मोजताना त्याच्या डोक्याची रुंदी धरा. तिथे वेल्डरकडून पट्टी लावून घेतली. उतारामुळे गेटखाली एका टोकाला जास्त जागा होती, तिथे सिमेंटचा उंचवटा केला. गेटला आडव्या नक्षीच्या पट्ट्या असतील, तर त्या कुत्र्याला शिडीसारख्याच. आतून सपाट पत्रा मारा. कडी नाकानं उचलणारीही कुत्री असतात, म्हणून कडीत एक खिट्टी अडकवा.

एवढं करूनही एक वाट उरते, ती म्हणजे दूधवाल्यासाठी उघडलेलं गेट. जागा असेल तर गेटच्या आत चार-पाच फुटांवर कुत्र्याला उडून जाता येणार नाही इतक्या उंचीचं दुसरं फाटक करून घ्या. एक लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही.

चिकू पळत होता तो गल्लीतल्या माजावर आलेल्या कुत्रीच्या वासानं. त्याची नसबंदी केली. अशा भटकण्याला तिचा चांगला उपयोग होतो, पण दुसऱ्याच दिवशी नाही, काही आठवडे थांबावं लागतं. फटाक्यांना घाबरून पळणाऱ्या कुत्र्याचं मात्र नसबंदीनं काही होत नाही. दिवाळीत संध्याकाळ व्हायच्या आत त्याला फिरवून आणा आणि मग घरात, खिडक्या लावलेल्या खोलीत ठेवा. घाबरलेलं कुत्रं एरवी कधी न ओलांडलेली भिंतही ओलांडतं.

आणि श्रोतेहो, एक कळकळीची विनंती. पळतो म्हणून कुत्र्याला भिंतीजवळ साखळीनं बांधू नका. तो साखळीसकट उडी मारतो, पलीकडे पाय जमिनीला टेकत नाहीत आणि गळ्यातल्या पट्ट्यानं त्याला फास बसतो. थोडा वेळ बांधावंच लागलं, तर भिंतीपासून इतकं लांब बांधा, की साखळी पूर्ण ताणली तरी त्याचे पंजे भिंतीला लागणार नाहीत.

चिकूच्या पट्ट्यावर आता ताईंचा फोन नंबर कोरलेला बिल्ला आहे. धुण्याचा दगड अंगणाच्या मधोमध आहे, आणि दुपारी चिकू त्याच्याच सावलीत झोपतो. नमस्कार.