चौदा बादल्यांचं पत्र

(पुण्यात शिक्षक आणि पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. विषय दिलाय 'औपचारिक पत्रलेखन'. मी त्यातला एकच प्रश्न घेणार आहे, आपण सगळ्यांनी कधी ना कधी लिहिलेला आणि तपासलेला : 'तुमच्या परिसरातील पाणीटंचाईबाबत वृत्तपत्राच्या संपादकांना पत्र लिहा.' पत्राची मांडणी शेवटी सांगते. त्याआधी एका मुलीबद्दल बोलायचंय.

नववीचा वर्ग होता, ऑगस्ट महिना. गठ्ठा तपासायला घेतला आणि पहिल्या दहा वह्यांत एकच वाक्य आलं : 'गेल्या अनेक दिवसांपासून आमच्या परिसरात तीव्र पाणीटंचाई भासत असून नागरिकांचे अतोनात हाल होत आहेत.' पुढे 'यंदा पाऊस कमी झाल्यामुळे'. मंडळी, त्याच आठवड्यात खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडलेलं होतं. भिडे पूल पाण्याखाली होता, मुलं ते बघून शाळेत आली होती! आणि वहीत पाऊस कमी.

खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चार धरणांत मिळून सुमारे २९ टीएमसी पाणी मावतं. ती भरलेली असताना एखाद्या गल्लीत नळाला करंगळीएवढी धार येत असेल, तर दुखणं धरणात नाही, धरण ते नळ या वाटेवर कुठेतरी आहे. उन्हाळ्यातली कपात वेगळी आणि गल्लीतला कमी दाब वेगळा. मुलं दोन्हींना 'टंचाई' म्हणतात. आपणही म्हणतो, म्हणून ती म्हणतात.

त्या वर्गात एक मुलगी होती, चढावरच्या गल्लीत शेवटच्या घरात राहणारी. तिच्या वहीतही तेच वाक्य होतं. मी विचारलं, "अगं, अनेक दिवस म्हणजे किती? आणि पाणी येतच नाही का?" ती म्हणाली, "येतं बाई, पण पुरत नाही." मी म्हटलं, "मग 'पुरत नाही' हे संपादकांना कसं दिसणार?" ती गप्प झाली. मलाही उत्तर लगेच सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी मी तिला सांगितलं, घरात पंधरा लिटरची बादली असेल, भिंतीवर घड्याळ असेल, एका सकाळी मोजून लिहून काढ.

कुठली सकाळ, हेही सांगावं लागलं. आपल्याकडे दुरुस्तीसाठी गुरुवारी पाणी बंद ठेवतात आणि त्या सूचनेत ठरलेलं वाक्य असतं, 'शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणीपुरवठा होईल.' शुक्रवारी मोजलं तर तो आकडा त्या बंदचा, गल्लीचा नाही. तिने मंगळवारी मोजलं.

तो कागद अजून माझ्याकडे आहे, पाण्याचा डाग पडलेला. पाण्याची वेळ सहा ते आठ. प्रत्यक्ष आलं सहा वीसला. बादली भरायला चार मिनिटं. सात वाजेपर्यंत दहा बादल्या. सातनंतर धार बारीक झाली, एका बादलीला सात मिनिटं लागायला लागली. आणखी चार बादल्या झाल्या आणि साडेसातच्या आत पाणी गेलं. चौदा बादल्या, म्हणजे दोनशे दहा लिटर. घरात माणसं पाच. माणशी बेचाळीस लिटर. भुयारी गटारं असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी मिळावं, असं केंद्राच्या मार्गदर्शिकेत आहे. तिच्या घरी एक तृतीयांशही येत नव्हतं. 'अतोनात हाल' या शब्दांची आता गरजच उरली नाही.

आता खरी गंमत. मी विचारलं, सातला धार बारीक का झाली? ती म्हणाली, "सगळे मोटारी लावतात ना, बाई." नळाच्या लाइनीलाच थेट मोटार जोडायची आणि पाणी खेचून टाकीत चढवायचं, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. पण हे सिद्ध कसं करायचं? ती बुधवारी लवकर उठली, आधी गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या मैत्रिणीकडे आणि मग आपल्या घरी, असं सातच्या आधी एकदा आणि नंतर एकदा मोजून आली. मैत्रिणीकडे बादली दोन्ही वेळा एका मिनिटात भरली. आपल्याकडे पुन्हा चार आणि सात.

हे नीट बघा. सातनंतर तोंडाशीही धार कमी झाली असती, तर अख्ख्या लाइनीचा दाब उतरला असं म्हणता आलं असतं. तिथे एक मिनिट कायम राहिलं, म्हणजे पाणी गल्लीतच वाटेत कमी होतंय. आणि सातच्या आधीही एकाला चार हा फरक होताच. तो चढामुळे असेल, जुन्या बुजत चाललेल्या नळामुळे असेल, वाटेत गळती असेल. बादली एवढंच सांगते की पाणी कुठे आणि कधी कमी होतं. का, हे जमिनीखाली बघणाऱ्यानेच सांगायचं. तिने हा फरक ओळखला आणि पत्रात मोटारींबद्दल 'असा आमचा अंदाज आहे' असं लिहिलं. शेजाऱ्यांची नावं लिहिली नाहीत. पंधरा वर्षांच्या मुलीने!

आणि हेच पत्र एका स्पर्धेला पाठवलं तर परीक्षकांचा शेरा आला, 'आकडेमोड अनावश्यक, भाषा अधिक प्रभावी हवी.' एक गुण कापला. मला आजही त्याचा राग येतो. आपण मुलांना 'तीव्र', 'भीषण', 'अतोनात' या शब्दांचे गुण देतो आणि चौदा बादल्यांचे कापतो.

संयोजकांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तर मांडणी, भराभर.

सगळ्यात मोठी चूक पत्र कुणाला आहे हे विसरण्याची. मुलं संपादकांना लिहितात, 'तरी कृपया आमच्या भागात पाणी सोडावे.' संपादकांकडे व्हॉल्व्हची चावी नाही. पाणी मागायचं तर पत्र क्षेत्रीय कार्यालयाला किंवा पाणीपुरवठा विभागाला. संपादकांना एवढीच विनंती, की हा प्रश्न छापावा, म्हणजे अधिकारी आणि गल्लीतले लोक दोघंही वाचतील. मोटारवाले शेजारीही वाचक आहेत, हे त्या मुलीला बरोबर कळलं होतं.

बाकी आपल्याला पाठ आहेच : दिनांक, प्रति, मा. संपादक, मग विषय. विषयात 'पाणीटंचाईबाबत' एवढंच नको, गल्ली आणि तक्रार दोन्ही यावीत. परीक्षेत स्वतःचं नाव घालायचं नाही, प्रश्नात दिलेलंच. मजकूर तीन परिच्छेदांत बसतो, पहिल्यात काय पाहिलं, दुसऱ्यात त्याचा त्रास, तिसऱ्यात मागणी. त्रासही एकच आणि डोळ्यांनी पाहिलेला. तिचा मजकूर वाचते :

'महोदय, आमच्या गल्लीत सकाळी सहा ते आठ ही पाण्याची वेळ आहे. मंगळवारी शेवटच्या घरात पाणी सहा वीसला आले व साडेसातच्या आत गेले. तेवढ्यात पंधरा लिटरच्या चौदा बादल्या भरल्या. घरात पाच माणसे आहेत. सातनंतर धार जवळजवळ निम्मी होते; गल्लीच्या तोंडाशी मात्र ती तशीच राहते. थेट नळाला लावलेल्या मोटारींमुळे असे होत असावे, असा आमचा अंदाज आहे.

आजी गुडघे दुखत असतानाही पहाटेपासून नळापाशी स्टूल टाकून बसते, कारण पाणी कधी येईल ते सांगता येत नाही.

गल्लीच्या शेवटी पाण्याचा दाब मोजावा व मोटारींची तपासणी व्हावी, ही आमची मागणी आपल्या दैनिकातून संबंधितांपर्यंत पोहोचवावी, ही विनंती. आपली विश्वासू, विद्यार्थी प्रतिनिधी.'

उद्या गठ्ठा तपासायला घ्याल तेव्हा 'गेल्या अनेक दिवसांपासून' या शब्दांखाली लाल रेघ मारा आणि समासात लिहा, 'किती?' माझी वेळ संपली. कुणाला तो कागद बघायचा असेल तर मी आणलाय, खाली टेबलापाशी या.