तू, तुम्ही आणि मधली रिकामी जागा

(अनुवाद आणि डबिंग करणाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, आज एकाच अडचणीबद्दल बोलणार आहे. इंग्रजी पात्रं एकमेकांना 'यू' म्हणतात आणि मोकळी होतात. आपल्याला प्रत्येक वेळी ठरवावं लागतं, तू की तुम्ही. हिंदीत तर तू, तुम आणि आप, अशा तीन पायऱ्या.

'यू शुड हॅव टोल्ड मी' हे वाक्य घ्या. 'मला सांगायला हवं होतंस' म्हटलं की समोरचा जवळचा. 'हवं होतंत' म्हटलं की अंतर आलं. सर्वनाम उच्चारलेलंही नाही, नुसत्या 'स' आणि 'त'ने काम केलं. मराठीला इथे एक चोरवाट आहे. 'मला सांगायला हवं होतं' एवढंच म्हणा, नातं झाकलेलं राहतं. हिंदीत ही वाट निसरडी आहे. 'मुझे बताना चाहिए था' याचा अर्थ मी सांगायला हवं होतं, असाही होतो. गोंधळ टाळायचा तर 'तुम्हें' किंवा 'आपको' आणावं लागतं. म्हणून एका भाषेतली युक्ती दुसऱ्या भाषेत चालेल असं धरून चालू नका.

चोरवाटा मी वापरतो, पण फक्त पहिल्या भेटीत. 'काय घेणार?', 'बसायचं का?', 'वेळ आहे का?' हे आपण रोजच्या आयुष्यातही समोरच्याचं वय, हुद्दा कळेपर्यंत करतोच. पानभर मात्र असं चालत नाही. पात्रं एकमेकांना टाळताहेत असं वाटू लागतं.

रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन या दोघांनी १९६० साली युरोपीय भाषांतल्या या सर्वनामांवर लिहिताना दोन गोष्टी वेगळ्या केल्या, सत्ता आणि जवळीक. आपल्याला त्यातून घ्यायचं ते एवढंच, की निर्णय वाक्याचा नसतो, जोडीचा असतो. आणि जोडी दोन्ही बाजूंनी वेगळी लिहावी लागते. 'अ' 'ब'ला काय म्हणतो आणि 'ब' 'अ'ला काय म्हणतो. मी पहिलं वाक्य लिहिण्याआधी संपूर्ण संहिता वाचतो आणि अशा जोड्या कागदावर मांडतो. ज्या दृश्यात बदल होतो, त्याचा आकडा शेजारी.

एक कथा उदाहरणापुरती रचतो. अमेरिकेतलं छोटं गाव. साठीची हेलन घरातली एक खोली भाड्याने देते. चोविशीतला डॅनी राहायला येतो. दोघं पहिल्यापासून एकमेकांना नावाने हाक मारतात. इंग्रजी वाचकाला ती बरोबरीची वाटतात. मराठीत काय करायचं? पहिल्या दृश्यात हेलन म्हणेल, 'खोली बघायला आलात का?' अनोळखी तरुणाला साठीची बाई 'आलात' म्हणू शकते. डॅनी हेलनला तुम्हीच म्हणणार. प्रश्न हाकेचा आहे. 'काकू' म्हटलं की ते घर सदाशिव पेठेत येतं. मी 'हेलन, तुम्ही' असं ठेवतो. कानाला थोडं खटकतं, पण त्या खटक्यातूनच वाचकाला कळतं की हा समाज वेगळा आहे.

चौथ्या दृश्यात डॅनीला ताप येतो. हेलन सूप घेऊन येते आणि त्याला पहिल्यांदा 'किड' म्हणते. मूळ संहितेत एवढीच खूण आहे. आपल्यासाठी ती पुरेशी आहे. इथे ती म्हणते, 'आधी हे खा, मग बोल.' इथून पुढे तू. बदल कुठे करायचा हे असं ठरतं. मूळात हाक बदलते, थट्टा सुरू होते किंवा कुणी कुणाची काळजी घेतं, तिथे. अनुवादकाला कंटाळा आला म्हणून तेराव्या पानावर अचानक 'तू' आलं, तर वाचक मागे जाऊन शोधतो की मधलं एखादं पान गळलं काय.

आता भांडण. डॅनीला कळतं की हेलनने त्याची एक महत्त्वाची गोष्ट दडवली. तो म्हणतो, 'यू न्यू.' हिंदीत 'आप'वरून 'तुम'वर येता येतं. 'तुम जानती थीं.' राग दिसतो, अपमान होत नाही. मराठीत ही मधली पायरीच नाही. 'तुला माहीत होतं' म्हटलं तर तो एकतर उर्मट ठरतो, नाहीतर फार जवळचा, कारण मराठी मुलगा आईला तूच म्हणतो. दोन्ही अर्थ मूळात नाहीत. मी तुम्ही सोडत नाही. क्रम उलटा करतो, 'माहीत होतं तुम्हाला. पहिल्यापासून माहीत होतं.' राग क्रियापद पुढे आणण्यात आणि पुनरुक्तीत जातो.

शेवटी हेलन म्हणते, 'लीव्ह द की ऑन द टेबल, डॅनियल.' इथे 'यू' नाहीच. तरी आपली सुटका नाही, कारण 'ठेव' की 'ठेवा' हे सांगावंच लागतं. मूळात ती 'किड'वरून पूर्ण नावावर गेली आहे. म्हणून मी लिहितो, 'किल्ली टेबलावर ठेवा, डॅनियल.' इतके दिवस तू म्हणणाऱ्या बाईच्या तोंडचा तो 'वा' मोठ्या ओरडण्यापेक्षा जास्त लागतो. चौथ्या दृश्यात तू आणलं नसतं, तर इथे हातात काहीच उरलं नसतं.

डबिंगमध्ये वेगळीच गंमत आहे. अनेकदा मराठी संहिता इंग्रजीवरून नाही, तयार हिंदीवरून करायला देतात. तिथे हिंदी 'तुम' दिसलं की हात आपोआप 'तुम्ही' लिहितो. दोन कॉलेजमित्र एकमेकांना 'तुम्ही येताय का?' विचारू लागतात. मराठीत ते जवळजवळ नेहमी तू. तसंच 'मम्मी, आप' याचं 'आई, तुम्ही' नाही, 'आई, तू'. आणि 'आप'चं 'आपण' तर बहुतेकदा नकोच. 'आपण' न्यायालयात, व्यासपीठावर किंवा टोमण्यात शोभतं. शिवाय 'आपण निघूया'तल्या 'आपण'शी त्याची गल्लत होते. हिंदी प्रत समोर असली तरी जोड्यांचा कागद इंग्रजीवरूनच करा.

ओठांचंही बघावं लागतं. 'यू' म्हणताना ओठ गोल होतात, 'तू'लाही होतात. 'तुम्ही'त मधे ओठ मिटतात, 'तुम' आणि 'आप'मध्ये शेवटी. क्लोज-अपमध्ये वाक्य 'यू'वर संपत असेल तर 'तुम्ही' मधे सरकवून शेवटी दुसरा शब्द आणावा. ओठ जुळतात म्हणून 'तू' घेऊ नये.

रहस्यकथा करणाऱ्यांसाठी आणखी एक. पात्राचं लिंग लपवायचं असेल तर 'तू' धोक्याचं. 'तू कुठे राहतोस' किंवा 'राहतेस', लगेच उघड होतं. 'तुम्ही कुठे राहता' झाकून ठेवतं. हिंदीत 'आप' घेऊनही सुटका नाही, 'रहते हैं' की 'रहती हैं' ठरवावंच लागतं.

सभेतून प्रश्न आला आहे, की 'यू नेव्हर नो'चं काय करायचं. तिथे समोरचा माणूसच नाही. तू नाही, तुम्ही नाही. 'काही सांगता येत नाही' म्हणा आणि पुढे जा. खरा पेच 'यू गाइज'चा आहे. साहेब आणि जिवलग मित्र एकाच टेबलाशी बसलेत, तेव्हा एक 'तुम्ही' दोघांना पुरतो. साहेब फोन घ्यायला उठले आणि पुढचं वाक्य मित्रासाठी एकट्याचं असलं, की त्याच दमात 'तू' यायला हवं. नटाला संहितेत तिथे खूण करून द्या, नाहीतर तो आधीच्या ओघात 'तुम्ही' म्हणून जातो.