कोरा गोल

(हरिपूरचा घाट, सकाळ. दोन नद्यांचे पाणी एकमेकांत मिसळताना.)

सांगलीपासून थोड्याच अंतरावर, हरिपूर येथे वारणा नदी कृष्णेला मिळते. हे पाणी पाहत लहानाची मोठी झालेली मुले विश्रामबागेतल्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतात. आज त्यांच्यासमोरच्या सराव प्रश्नपत्रिकेत हाच प्रश्न आहे : कृष्णा आणि वारणा यांचा संगम कोठे होतो? पर्याय आहेत कराड, माहुली, नरसोबाची वाडी आणि हरिपूर.

सांगलीच्या मुलांना उत्तर ठाऊक असणारच. पण हाच प्रश्न गडचिरोलीच्या मुलाला आला आणि कराडला कोयना, तर साताऱ्याजवळ माहुलीला वेण्णा कृष्णेला मिळते एवढेच त्याच्या लक्षात असेल, तर दोन पर्याय गळतात आणि नरसोबाची वाडी व हरिपूर हे दोन उरतात. उत्तर त्याला माहीत नाही, मात्र त्याला काहीच माहीत नाही असेही म्हणता येत नाही. अशा प्रश्नाचा गोल कोरा सोडायचा की भरायचा, हाच या चित्रफितीचा विषय आहे.

(उत्तरपत्रिका जवळून. काळ्या शाईचे बॉलपेन एका गोलावर येऊन थांबते.)

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा पूर्वपरीक्षेत सामान्य अध्ययनाच्या पेपरला 100 प्रश्न आणि 200 गुण असतात. बरोबर उत्तराला 2 गुण मिळतात, चुकीच्या उत्तराला त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे अर्धा गुण, कापला जातो आणि न सोडवलेल्या प्रश्नाला शून्य मिळते. अर्धा गुण जाईल या धास्तीने हे पेन थांबले आहे. ही धास्ती आम्ही प्रत्येक बाकावर पाहिली, आणि ती किती खरी आहे हे मोजून पाहावे असे आम्हाला वाटले.

(स्टीलचा डबा. त्यात घडी घातलेल्या चार चिठ्ठ्या पडतात.)

सरांनी डब्यात चार चिठ्ठ्या टाकल्या आणि त्यांपैकी एकीवरच ‘बरोबर’ असे लिहिले. चिठ्ठी काढायची, वाचायची, पुन्हा घडी घालून डब्यात टाकायची आणि डबा हलवायचा, असे 20 वेळा करायचे होते. अजिबात न कळलेल्या 20 प्रश्नांवर तुक्का मारणे म्हणजे नेमके हेच.

सरासरीने 20 पैकी 5 चिठ्ठ्या बरोबर निघायला हव्यात. पाच बरोबरचे 10 गुण मिळतील, पंधरा चुकांचे साडेसात जातील आणि हाती अडीच गुण राहतील. एका प्रश्नावर वाटले तर ते 0.125 भरतात. यालाच अपेक्षित मूल्य म्हणतात : मिळण्याची शक्यता गुणिले मिळणारे गुण, त्यातून जाण्याची शक्यता गुणिले जाणारे गुण वजा.

(मुलगी चिठ्ठ्या काढते. फळ्यावर खुणा वाढत जातात.)

आमच्या समोर 4 बरोबर निघाल्या. आठ मिळाले, आठ गेले. तीनच निघाल्या असत्या तर अडीच गुणांचा तोटा झाला असता. हाच खेळ शंभर वेळा खेळला, तर बावीस-तेवीस वेळा असा तोटा होतो. सरासरी कोणत्याही एका डावाची हमी देत नाही. आणि आंधळ्या तुक्क्याचा नफा इतका किरकोळ आहे, की त्यावर वेळ घालवणे परवडत नाही.

आता सरांनी डब्यातून एक चुकीची चिठ्ठी काढून घेतली.

तीन पर्याय उरले, की बरोबर येण्याची शक्यता एक तृतीयांश होते आणि प्रत्येक प्रश्नामागे सरासरी 0.33 गुण मिळतात. आणखी एक चुकीची चिठ्ठी काढली, की दोनच उरतात : अर्ध्या वेळा 2 गुण येतात, अर्ध्या वेळा अर्धा गुण जातो, आणि सरासरी 0.75 गुण हाती राहतात. गडचिरोलीच्या त्या मुलाने संगमाचा प्रश्न कोरा सोडला, तर हा पाऊण गुण त्याने स्वतःहून परत केलेला असतो.

(मुलीची प्रश्नपुस्तिका. समासात पेन्सिलीच्या बारीक खुणा.)

या मुलीने मागच्या सराव पेपरात 30 प्रश्न कोरे सोडले होते. सरांनी तिला ते पुन्हा वाचायला लावले. त्यांपैकी 12 प्रश्नांत तिला दोन पर्याय खात्रीने खोडता आले, 10 प्रश्नांत एक खोडता आला आणि 8 प्रश्नांत काहीच सुचले नाही. फळ्यावर हिशेब उतरला : बारांचे 9, दहांचे 3.33 आणि आठांचा 1, मिळून 13.33 गुण. कट-ऑफ अनेकदा याहून कमी फरकाने हुकतो.

(फळ्याचा अर्धा भाग पुसला जातो.)

मात्र हा सगळा हिशेब एका शब्दावर उभा आहे, आणि तो शब्द आहे ‘खात्रीने’. खोडलेल्या पर्यायांतच बरोबर उत्तर असेल, तर उरलेल्या चिठ्ठ्यांत ‘बरोबर’ लिहिलेली चिठ्ठीच नसते. समजा, दर पाच प्रश्नांत एकदा अशी चूक झाली, तर दोन पर्यायांवरची शक्यता 50 टक्क्यांवरून 40 टक्क्यांवर येते आणि 0.75 चे 0.5 होतात. फायदा अजूनही आहे, कारण या पद्धतीत तोट्याची सीमा 20 टक्के आहे : पाचांत एक बरोबर आला, की दोन मिळतात, चार अर्धे जातात आणि हिशेब शून्यावर येतो. त्याखाली गेले, की कोरा गोल बरा.

स्वतःची टक्केवारी कळावी म्हणून समासातल्या या खुणा आहेत. दोन पर्याय उरले तर एक टिंब, तीन उरले तर दोन टिंबे, काहीच न कळल्यास फुली. उत्तरतालिका आल्यावर प्रत्येक खुणेचा हिशेब वेगळा मांडायचा. तोही एका पेपरावरून नव्हे, तर पाच-सहा पेपर झाल्यावर, कारण दहा प्रश्नांत नशिबाचा वाटा फार मोठा असतो.

पाच पेपरांनंतर तिच्या एका टिंबाच्या 52 प्रश्नांपैकी 27 बरोबर होते. ते ठीक होते. दोन टिंबांच्या 35 प्रश्नांपैकी मात्र 6 च बरोबर निघाले, जिथे अकरा-बारा यायला हवे होते : 12 मिळाले, साडेचौदा गेले. सरांनी ते 35 प्रश्न तिच्यासोबत एकेक करून वाचले, तेव्हा बहुतेक प्रश्न विधानांचे निघाले. विधानात ‘केवळ’ किंवा ‘सर्व’ हा शब्द दिसला, की ते विधान चूक समजून ती तो पर्याय खोडत होती. ही युक्ती तिने कुठेतरी ऐकली होती, आणि ती प्रश्न काढणाऱ्यांनाही ठाऊक असते. तिथे ज्ञानाने पर्याय खोडलाच जात नव्हता.

(संघ लोकसेवा आयोगाच्या जुन्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा.)

परीक्षा बदलली, की ही सीमाही हलते. संघ लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत चुकीला त्या प्रश्नाच्या गुणांचा तिसरा हिस्सा कापला जातो. तिथे सीमा 25 टक्क्यांवर जाते आणि चार पर्यायांतला आंधळा तुक्का बरोबर शून्यावर येतो. नीटमध्ये बरोबरला 4 आणि चुकीला उणे 1 आहे, म्हणजे प्रमाण राज्यसेवेचेच. एमएचटी-सीईटीत गुण कापलेच जात नाहीत, त्यामुळे तिथे एकही प्रश्न कोरा सोडण्यास कारण उरत नाही.

(संध्याकाळ, अभ्यासिका. नवा सराव पेपर.)

आज तिने विधानांच्या प्रश्नांसाठी समासात वेगळी खूण ठरवली आहे : छोटा त्रिकोण. सत्तेचाळिसाव्या प्रश्नाशी ती दोन पर्याय खोडते, कोणत्या माहितीवरून खोडले ते बाजूला दोन शब्दांत लिहिते, एक टिंब देते आणि गोल भरते. अठ्ठेचाळिसाव्याला त्रिकोण काढून ती पान उलटते.