नोंदणीच्या टेबलावर अडलेला माणूस

मंडळी, पत्रिकेत माझ्या विषयाचं नाव आहे ‘मोठ्या मेळाव्यासाठी किती नोंदणी टेबलं लागतील’. तो हिशेब मी करून दाखवणारच आहे. पण आधी पाट्यांबद्दल बोलू द्या. ते मनात बरीच वर्षं साठलंय, आणि इथे बसलेल्यांपैकी अर्ध्यांनी तरी त्या पाट्या कधी ना कधी लावलेल्या असणार.

‘अ ते औ’, ‘क ते घ’, ‘च ते ण’... अशा पाट्या. सहा टेबलं, सहा स्वयंसेवक, प्रत्येकापुढे आपापल्या अक्षरांच्या बिल्ल्यांचा खोका. दिसायला फार नेटकं दिसतं. अशाच एका परिषदेत मी मदतीला उभा होतो. उद्घाटनाला पंधरा मिनिटं उरली असताना ‘अ ते औ’पुढे दोन माणसं होती आणि ‘क ते घ’पुढची रांग दारातून बाहेर जिन्यावर गेली होती. आडनावं काही अक्षरांवर समसमान वाटलेली नसतात. स्वरांनी सुरू होणारी थोडी, क आणि ग यांची भरपूर, प आणि श यांची त्याहून भरपूर. ‘अ ते औ’वरची मुलगी बिचारी हातावर हात ठेवून बसलेली. तिला मदत करायची होती, पण ‘क’चे बिल्ले तिच्या खोक्यात नव्हते.

हे एवढ्यावर थांबलं असतं तर मी आज तक्रार केली नसती. यादी लावली होती पहिल्या नावावरून, आणि पाट्या वाचणारा प्रत्येक जण उभा राहिला होता आडनावावरून. पाटीवर ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. एक बाई पंचवीस मिनिटं उभ्या राहून टेबलापाशी पोचल्या, तेव्हा त्यांना सांगण्यात आलं, ‘तुमची रांग ती पलीकडची.’ त्या काही बोलल्या नाहीत. नुसत्या वळल्या आणि पलीकडच्या रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या. तो चेहरा मी विसरलेलो नाही.

नंतर एक गृहस्थ आले, त्यांचं नाव ‘क्ष’ने सुरू होणारं. शाळेत आपण क्ष आणि ज्ञ वर्णमालेच्या शेवटी शिकलो, म्हणून ते सरळ शेवटच्या टेबलावर, ‘य ते ज्ञ’पाशी गेले. बिल्ला नाही! संगणकाच्या लेखी क्ष म्हणजे क, हलन्त आणि ष. त्याने त्यांना क च्या बाराखडीत नेऊन बसवलं होतं. चार माणसं तीन मिनिटं तो बिल्ला शोधत होती आणि मागे तीस जण ती शोधाशोध बघत होते. (हशा) तुम्ही हसताय, कारण तुमच्याकडेही हे झालेलं आहे.

आता यातली मुद्द्याची गोष्ट. सहा वेगळ्या रांगा केल्या की एका टेबलावर अडलेला माणूस फक्त आपल्या मागच्यांना अडवतो, आणि शेजारी कोणी मोकळं असलं तरी त्यांना तिकडे जाता येत नाही. एकच रांग ठेवली आणि तिच्या तोंडाशी ‘चार नंबर’, ‘सात नंबर’ म्हणत पाठवणारा माणूस उभा केला, तर एक टेबल अडलं तरी रांग चालत राहते. कुठलंही टेबल रिकामं आणि कोणी ताटकळतंय, असं घडूच शकत नाही. त्यासाठी अट एकच: कोणत्याही टेबलावर कोणाचंही काम व्हायला हवं. कोड वाचला की तिथल्या तिथे बिल्ला छापणारं यंत्र असेल तर प्रश्नच नाही. बिल्ले आधीच छापलेले असतील तर प्रत्येकावर अनुक्रमांक घाला, तोच क्रमांक लोकांना आधी संदेशातून कळवा, आणि खोके टेबलांच्या मागे ठेवून तिथे बिल्ले काढून देणारे दोघे उभे करा. क्रमांकाला आडनाव नसतं, क्षही नसतो.

एकच रांग लांब दिसते, लोक घाबरतात, ही तक्रार मला माहीत आहे. खरी अडचण वेगळी आहे. रांगेच्या तोंडापासून दूरच्या टेबलापर्यंत चालायला आठ सेकंद लागतात. एका माणसाचं काम तीस सेकंदांचं असेल, तर टेबलाचा सुमारे पाचवा हिस्सा वेळ कोणीतरी चालत येण्याची वाट बघण्यात गेला. म्हणून प्रत्येक टेबलाच्या दोन पावलं मागे जमिनीवर एक खूण करा आणि पुढचा माणूस आधीच तिथे आणून उभा करा. आणि ‘एका माणसाला किती वेळ’ हे मोजताना हसून स्वागत करण्यापासून बिल्ला देईपर्यंत मोजू नका. एक माणूस टेबलावरून निघाला की घड्याळ सुरू करा आणि पुढचा निघाला की थांबवा. खरा आकडा तो.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवलीय, बारा मिनिटं उरली आहेत. तर हिशेबाकडे येतो.

पण या शास्त्राच्या मूळ पुरुषाचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. एर्लांग नावाचा डेन्मार्कचा गणिती कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत होता. फोन किती येतात आणि त्यासाठी किती जोडण्या लागतात, या प्रश्नावर त्याने १९०९ साली लेख लिहिला. रांगांचं गणित तिथून सुरू झालं. त्याची सूत्रं आजही वापरतात. पण ती साधारण एकाच दराने, एकमेकांशी संबंध नसताना येणाऱ्या फोनांसाठी आहेत. आपल्याकडची माणसं घड्याळ बघून येतात. साडेनऊला उद्घाटन असेल तर साडेआठला उघडलेल्या दाराशी तुरळक माणसं असतात आणि नऊनंतर लोंढा येतो. म्हणून आपल्याला सूत्रापेक्षा पाव-पाव तासाचा तक्ता जास्त उपयोगी.

बाराशे माणसं धरू. साडेआठ ते पावणेनऊ १२० येतात, पुढच्या पाव तासात २४०, नऊ ते सव्वानऊ ४२०, मग ३००, आणि साडेनऊनंतरच्या पाव तासात उशिरा येणारे १२०. आता काम. दहातल्या नऊ जणांचं सरळ असतं, तीस सेकंदांत उरकतं. दहावा अडतो: पैसे भरलेत पण नोंद नाही, नाव चुकलंय, दुसऱ्याच्या जागी आलेत. त्याला तीन मिनिटं लागतात. सरासरी निघते पंचेचाळीस सेकंद. म्हणजे एक टेबल पाव तासात २० माणसं सोडतं. पाच पाव तासांत १२०० सोडायची, तर भागाकार सांगतो की बारा टेबलं पुरतील. आयोजक खूश.

हा भागाकार फसवा आहे. बारा टेबलं पाव तासात २४० सोडतात. पहिल्या पाव तासात १२०च आले, उरलेल्या १२० जणांची ताकद वाया गेली. ती पुढे साठवता येत नाही. नऊपर्यंत रांग नाही. सव्वानऊला १८० जण रांगेत. साडेनऊला, आत समई पेटत असताना, २४० जण बाहेर. मिनिटाला सोळा सुटतात, तेव्हा शेवटच्याला पंधरा मिनिटं थांबणं आहे. पावणेदहालाही १२० जण बाहेरच उभे आहेत. पहिल्या पाव तासात वाया गेलेले १२० ते हेच.

आयोजक इथे आणखी टेबलं मागतात. मी त्यांना काम कुठे जातंय ते बघायला सांगतो. तीस सेकंदांचे नऊ म्हणजे २७० सेकंद, तीन मिनिटांचा एक म्हणजे १८०. दहातला एक माणूस टेबलांचा चाळीस टक्के वेळ घेतो. त्याच्यासाठी वेगळं मदत टेबल काढा असं सगळे म्हणतात, पण नुसतं वेगळं काढून काम कमी होत नाही. बारातली तीन टेबलं अडलेल्यांना दिलीत तर ती पाव तासात पंधरा जण सोडतील. नऊ ते सव्वानऊमध्ये ४२ येतात. साडेनऊला तिथे ५१ जण उभे असतील आणि शेवटच्याला पाऊण तासाहून जास्त थांबावं लागेल. जो आधीच वैतागलाय त्यालाच आपण सगळ्यांत जास्त छळलं!

म्हणून मी त्याला आधी आत घेतो आणि गुंता नंतर सोडवतो. मदत टेबलावर एकच माणूस बसवायचा आणि त्याने चौकशी करायचीच नाही. नाव आणि फोन नंबर वहीत लिहायचा, वेगळ्या रंगाचा तात्पुरता बिल्ला द्यायचा, ‘मधल्या सुट्टीत इथे या’ म्हणायचं. हेही तीस सेकंदांत होतं. एक माणूस रांगेतून मागे चालत राहतो आणि विचारतो, ‘कोड काढून ठेवलाय का? नाव नीट आहे का?’ अडलेला माणूस टेबलापाशी पोचण्याआधीच त्याला बाजूला नेतो. उरलेले दहा जण सरळ कामाच्या टेबलांवर.

माणसं तीच बारा. आता दहा टेबलं पाव तासात ३०० सोडतात. ४२०मधले सरळ कामाचे ३७८. सव्वानऊला रांगेत ७८ उरतात. मिनिटाला वीस सुटतात, म्हणजे जास्तीत जास्त चार मिनिटं थांबणं. साडेनऊला ४८ जण, अडीच मिनिटं. मदत टेबलावर कमाल बारा जण, सहा मिनिटं. अडलेल्या १२० जणांचं सहा तासांचं काम मात्र कुठे गेलेलं नाही. पण पावणेदहानंतर दहा जण मोकळे आहेत. सुट्टीआधी वहीतल्या नोंदी तपासून ठेवल्या की प्रत्यक्ष माणसासमोर थोडंच उरतं.

हे सगळीकडे चालत नाही. जिथे ओळखपत्र तपासल्याशिवाय आत सोडता येत नाही, किंवा खुर्च्या मोजक्या आहेत आणि एका जागेवर दोघे येऊन बसू शकतात, तिथे तात्पुरता बिल्ला देऊ नका. तिथे तीन मिनिटांचं काम आदल्या दिवशी फोनवर आटपावं लागतं. आणि टेबलांच्या पुढे सामानाची तपासणी असेल, तर तिथे मिनिटाला किती सुटतात ते आधी मोजा. तिथे बाराच सुटत असतील तर तुमची दहा टेबलं रांग फक्त दहा पावलं पुढे सरकवतील.

दोन मिनिटं उरली. त्या दिवशी काम बिघडतंय हे कसं कळणार? रांगेतली डोकी मोजा, मिनिटाला किती सुटतात त्याने भागा. ढोबळमानाने तेवढीच मिनिटं शेवटचा माणूस थांबणार आहे. खातरजमेसाठी दर दहा मिनिटांनी शेवटच्या माणसाच्या हातात वेळ लिहिलेली चिठ्ठी द्या आणि टेबलावर ती परत घ्या. पहिल्या दोन चिठ्ठ्यांत फरक वाढताना दिसला, तर लोंढा यायच्या आधी अजून दहा-पंधरा मिनिटं तुमच्या हातात असतात. तेवढ्यात दोन माणसं आणायची असतील तर ती कुठून आणायची हे आदल्या रात्रीच ठरलेलं हवं. मी सभागृहातल्या व्यवस्थेवरची दोघं घेतो, कारण सव्वानऊपर्यंत आत निम्मीच माणसं पोचलेली असतात.